अस्पष्ट फोटोतलं गणित: आकडे आणि एककं आधी कशी उतरवून घ्यायची

डिप्लोमाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकणाऱ्यांकडे हल्ली गणित पुस्तकातून कमी आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून जास्त येतं. कुणीतरी वर्गात घाईघाईने फोटो काढलेला असतो, तो दोन-तीन ग्रुप फिरून तुमच्यापर्यंत पोचतो, आणि तोवर 5 आहे की 6 हेही धड कळेनासं होतं. तरी बहुतेक जण अंदाजाने वाचून थेट सूत्राला हात घालतात. इथे एकच गणित घेऊन, कॅल्क्युलेटर उघडण्याआधी काय काय करायचं ते क्रमाने सांगतो.

फोटोतला प्रश्न इंग्रजीत छापलेला आहे. त्याचा आशय मराठीत देतो, आकडे आणि एककांची चिन्हं मात्र फोटोत आहेत तशीच ठेवतो:

"2▢ mm व्यासाच्या, 2▢0 m लांबीच्या पोलादी सळईवर ▢0 kN ची अक्षीय ओढ आहे. त्याच वेळी सळईचं तापमान 40 °C ने वाढतं. लांबीतली एकूण वाढ काढा. E = 200 ▢Pa, α = 12 × 10▢▢ /°C."

चौकोन आहेत तिथे शाई दिसते, पण अक्षर ठरत नाही. व्यासातला दुसरा आकडा 5, 6 किंवा 8 वाटतो. लांबीत 2 आणि 0 च्या मध्ये काहीतरी करडं आहे. ओढ 50 किंवा 80. E च्या एककात G किंवा M. आणि α च्या घातात उणे चिन्ह आहे का, आकडा 6 की 8, हे दोन्ही धूसर.

पहिली पायरी: आधी मूळ फोटो मागा

सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि नेमका तोच राहून जातो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. ज्याने काढला त्याच्या फोनमध्ये मूळ फोटो जास्त स्पष्ट असण्याची बरीच शक्यता असते, म्हणून त्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की फाइल आहे तशी येते. फोटोचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवू नका, त्यात अजून तपशील जातो.

पुस्तक हाताशी असेल तर नवा फोटो काढायला सांगा. पान सपाट ठेवायचं, फोन पानाला समांतर धरायचा, ज्या ओळी हव्यात त्यांवर स्क्रीनवर बोट टेकवून फोकस करायचा. फार जवळ जायचं नाही. ठरावीक अंतरापेक्षा जवळ गेलं की फोनची लेन्स फोकसच धरत नाही. थोडं लांबून काढून नंतर कापलेला फोटो जास्त चांगला येतो. पानाच्या कडा फोटोत आल्या पाहिजेत, कारण प्रश्नाची शेवटची ओळ किंवा बाजूची आकृती कापली गेली तर दिलेली एखादी राशीच गायब होते आणि ती गायब आहे हेही लक्षात येत नाही.

पण रात्रीचे अकरा वाजलेत, सकाळी सबमिशन आहे आणि समोरचा उत्तर देत नाही, असं होतंच. मग आहे त्याच फोटोवर काम करावं लागतं.

दुसरी पायरी: फोटो कसा बिघडलाय ते ओळखा

अस्पष्टपणाचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांत वेगवेगळी अक्षरं फसवतात. कुठला प्रकार आहे हे वाक्याच्या शेवटी असलेल्या पूर्णविरामावरून कळतं. तो छापताना जवळजवळ गोल असतो, म्हणून तो आता कसा दिसतो ते मोठं करून बघा.

पूर्णविराम सगळीकडून सारखा पसरून करडी चकती झाला असेल तर फोकस चुकलाय. अशा फोटोत आकड्यांमधल्या पोकळ्या भरून जातात. 6, 8, 9, 0 आणि कधीकधी 5 सुद्धा एकसारखे ठिपके दिसायला लागतात.

पूर्णविराम एका दिशेने ताणला गेला असेल तर फोटो काढताना हात हलला. ज्या दिशेने ताण, त्याच दिशेने हात हललेला असतो, आणि त्या दिशेला काटकोनात असलेल्या बारीक रेघा सगळ्यात जास्त पुसट होतात. हात वर-खाली हलला की आडव्या रेघा जातात: उणे चिन्ह, बरोबरचं चिन्ह, 7 आणि 5 ची वरची रेघ. हात आडवा हलला की उभ्या रेघा पसरतात, पण उणे चिन्ह बऱ्यापैकी टिकतं.

आपल्या फोटोत पूर्णविराम उभट, लांबोडा दिसतो. म्हणजे हात वर-खाली हललाय. त्यामुळे घातातलं उणे चिन्ह दिसत नाही यावरून ते नाहीच असं म्हणता येत नाही. याची खात्री फोटोतच करता येते. "E" नंतर बरोबरचं चिन्ह असणारच, याबद्दल शंका नाही. ते बघा. त्या दोन रेघा मिळून एक फिकट करडा पट्टा झालाय. बरोबरचं चिन्ह इतकं फिकट झालं असेल, तर त्याहून लहान छापलेलं घातातलं उणे चिन्ह जेमतेम डाग म्हणून उरणार. आता 10 च्या वर उजवीकडे बघितलं तर तसा डाग आहे, आणि घाताचा आकडा 10 ला चिकटून न येता थोडा पुढे सरकलेला आहे. रिकामी दिसणारी ती जागा कशाने तरी व्यापलेली आहे.

फोटो 'शार्प' करणारी ॲप्स मी शक्यतो टाळायला सांगतो. ती कडा गडद करतात, हरवलेली माहिती परत आणत नाहीत. कडा गडद झाली की धूसर 6 हा ठसठशीत 8 होऊ शकतो आणि मग आपल्याला शंकाही येत नाही. स्वच्छ दिसतं म्हणजे बरोबर आहे असं नसतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. 2013 मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनिंग यंत्रं कागदावरचे आकडेच बदलत होती. फाइल लहान करताना सारखे दिसणारे आकडे एकच समजून, 6 च्या जागी पानावरचा दुसरा एखादा 8 बसवला जात होता. स्कॅन अगदी सुबक दिसत होता आणि आकडा चुकीचा होता. धूसर 6 निदान धूसर आहे हे तरी सांगतो.

तिसरी पायरी: जसं दिसतं तसं उतरवा, शंकेसकट

आता वहीत प्रश्न शब्दशः उतरवा. सूत्र आठवू नका, एककं बदलू नका. जिथे खात्री नाही तिथे सगळे शक्य पर्याय तिरप्या रेघेने लिहा. प्रत्येक राशीपुढे ती कशाची आहे ते शब्दात लिहा.

```
d  = 2(5/6/8) mm      सळईचा व्यास
L  = 2(.?)0 m         सळईची मूळ लांबी
P  = (5/8)0 kN        अक्षीय ओढ
ΔT = 40 °C            तापमानातली वाढ
E  = 200 (G/M)Pa      यंगचा गुणांक
α  = 12 × 10^(-?)(6/8) /°C   रेषीय प्रसरण गुणांक
```

"कशाची" हा रकाना नवशिक्यांना फालतू वाटतो, पण शब्दातल्या चुका इथेच सापडतात. "व्यास" लिहिताना फोटोत खरंच व्यासच म्हटलंय की त्रिज्या, हे बघावं लागतं. इंग्रजीत हे शब्द बऱ्याचदा तीन-चार अक्षरांत आखडून छापतात, आणि धूसर फोटोत ते एकमेकांसारखे दिसतात. त्रिज्येला व्यास समजलात तर क्षेत्रफळ चौपट कमी येतं. सळई भरीव की पोकळ, टोकं मोकळी की भिंतीत पक्की, ओढ की दाब, हेही दिलेल्या माहितीतच मोडतं.

तापमानाच्या ओळीत एक बारीक सापळा आहे. तापमान 40 °C *ने* वाढलं की 40 °C *पर्यंत* वाढलं? इंग्रजीत हा फरक दोन अक्षरी शब्दाचा आहे, एकात "बाय" तर दुसऱ्यात "टू". "बाय" च्या शेवटच्या अक्षराची शेपटी ओळीच्या खाली उतरते, "टू" मध्ये ओळीखाली काहीच नसतं. अक्षरं वाचता आली नाहीत तरी ओळीखाली शाई आहे का, हे दिसतं. आपल्या फोटोत खाली शेपटी आहे, म्हणून "ने". शिवाय "पर्यंत" असतं तर सुरुवातीचं तापमानही कुठेतरी द्यावं लागलं असतं, आणि ते प्रश्नात नाही.

चौथी पायरी: शंका फोडा, पण आकड्यांचे दोन गट करून

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. दिलेल्या सहा आकड्यांपैकी काही निसर्गाने ठरवलेत आणि बाकीचे प्रश्न काढणाऱ्याने. पोलादाचा E आणि α कुणाच्या मर्जीवर नाहीत, त्यामुळे त्या आकड्यांची खात्री फोटोच्या बाहेरून करता येते. व्यास, लांबी, ओढ, तापमान मात्र प्रश्नकर्त्याच्या मनात आलं ते. तिथे "बरोबर वाटतं" याला काही अर्थ नाही, ते फक्त फोटोवरूनच ठरवायचे.

आधी पहिला गट. पोलादाचा E साधारण 200 GPa असतो. 200 MPa म्हणजे त्याच्या हजारावा भाग, आणि तेवढा E पॉलिथिनसारख्या मऊ प्लास्टिकचा असतो. म्हणून G. अक्षराची रुंदीही तपासून घ्या, M हा G पेक्षा रुंद असतो. कधी हीच किंमत 2 × 10⁵ N/mm² किंवा 200 kN/mm² अशी छापलेली असते. तिन्ही एकच आहेत, पण धूसर फोटोत kN मधला k उडाला तर हजारपट फरक पडतो.

α पोलादासाठी 11 ते 13 × 10⁻⁶ /°C च्या आसपास असतो. घात +6 असणं अशक्य. 10⁻⁸ धरलं तर हे पोलाद इन्व्हारपेक्षाही कितीतरी कमी प्रसरण पावेल, आणि इन्व्हार तर मुद्दाम कमी प्रसरणासाठी बनवलेला मिश्रधातू आहे, त्याचा α 1.2 × 10⁻⁶ च्या जवळपास. म्हणून 10⁻⁶. उणे चिन्हाच्या डागावरून आपण जे म्हटलं होतं त्याला इथे दुजोरा मिळाला.

एक सावधगिरी. प्रश्नात धातूचं नाव काय आहे ते आधी पक्कं वाचा. ॲल्युमिनियमचा E साधारण 70 GPa आणि α साधारण 23 × 10⁻⁶ आहे. धातूचं नाव चुकीचं वाचून त्याच्या आधारावर आकडा "सुधारला" तर बरोबर छापलेली किंमत तुम्हीच बिघडवाल. आणि प्रश्नात E = 205 GPa स्पष्ट दिसत असेल तर 205 च घ्या. पुस्तकी किंमत धूसर अक्षर ओळखायला वापरायची, स्पष्ट आकडा बदलायला नाही.

आता दुसरा गट, जिथे नजरच कामाची. लांबी 2.0 m की 20 m? ठिपका शोधत बसू नका. फाइल दाबली जाते तेव्हा अक्षरांभोवती असे करडे ठिपके आपोआपही तयार होतात. त्याऐवजी अंतर बघा. बहुतेक छापील पाठ्यपुस्तकांत सगळे आकडे सारख्याच रुंदीचे असतात आणि दशांशचिन्ह साधारण अर्ध्या आकड्याएवढी जागा घेतं. त्याच ओळीतल्या व्यासाच्या आकड्यात 2 आणि पुढच्या आकड्याच्या मध्यांमधलं अंतर कागदाच्या कडेवर खूण करून घ्या. ती पट्टी लांबीच्या 2 आणि 0 वर ठेवा. इथे अंतर जवळजवळ दीडपट भरतं, म्हणजे मध्ये काहीतरी छापलेलं आहे. आणि तो करडा डाग आकड्यांच्या तळाच्या रेषेवर, वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाइतकाच आणि तसाच उभट आहे. तर मग 2.0 m.

व्यास आणि ओढ यांतला आकडा ओळखायला दोन कोपरे पुरतात: वरचा उजवा आणि खालचा डावा. 5 मध्ये हे दोन्ही कोपरे उघडे असतात. 6 मध्ये वरचा उजवा उघडा, खालचा डावा बंद. 9 मध्ये बरोबर उलटं. 8 मध्ये दोन्ही बंद. फोकस थोडाफार गेला तरी बंद कोपरा उघड्यापेक्षा गडद उरतो. 0 आणि 8 मध्ये गोंधळ असेल तर मध्यभागी बघा, 8 चं मध्य गडद असतं आणि 0 चं फिकं.

तुलनेला नमुना हवा असतो, आणि तो त्याच पानावर असतो. डावीकडे समासात प्रश्नांचे क्रमांक आहेत: 4, 5, 6, 7, 8. ते धूसर असले तरी क्रमाने येतात, म्हणून कुठला 5 आणि कुठला 8 हे तुम्हाला आधीच माहीत आहे. या फोटोत, या हाताच्या हलण्यात, छापलेला 5 कसा दिसतो याचा नमुना तिथे मिळतो. क्रमांक 5 शेजारी व्यासाचा आकडा ठेवून बघितला तर खालचा डावा कोपरा दोन्हींत सारखाच फिका आहे. क्रमांक 6 मध्ये तो गडद आहे. ओढीचा पहिला आकडाही 5 शीच जुळतो, आणि 8 मध्ये गडद असलेला वरचा उजवा कोपरा इथे मोकळा आहे. व्यास 25 mm, ओढ 50 kN. समासातले क्रमांक ठळक टाइपात असतील तर रेघा जाड दिसतील एवढं ध्यानात ठेवा, कोपऱ्यांचा नियम तरीही लागू पडतो.

इथे नजरेवर एवढा भर का दिला, ते उत्तरांवरून दिसेल. खऱ्या आकड्यांनी लांबीतली एकूण वाढ 1.98 mm येते. ओढ 80 kN वाचली असती तर 2.59 mm. व्यास 28 mm वाचला असता तर 1.77 mm. लांबी 20 m धरली असती तर 19.8 mm. यातलं एकही उत्तर वेडंवाकडं नाही. 80 kN ला सुद्धा स्ट्रेस 163 N/mm² येतो, साध्या पोलादाच्या 250 च्या आसपासच्या यील्ड मर्यादेत आरामात बसतो. उत्तर बघून ही चूक पकडता येणार नाही. याउलट E मध्ये G ऐवजी M वाचला असता तर दोन मीटरची सळई मीटरभर लांबली असती, म्हणजे तिथे गणितानेच आरडाओरडा केला असता. α मधला 10⁻⁸ मात्र पुन्हा गप्प राहतो, उत्तर 1.03 mm येतं आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

पुस्तकामागे उत्तर दिलेलं असेल तर ते शेवटी पडताळायला वापरा. सुरुवातीलाच उत्तराकडे बघून आकडे बसवायला गेलात, तर दोन धूसर आकडे असताना दोन चुका एकमेकींना झाकून बरोबर उत्तर देऊ शकतात.

पाचवी पायरी: एकच एककपद्धत, मग सूत्र

शंका संपल्यावरच एककं बदलायची. या विषयात न्यूटन आणि मिलिमीटर सोयीचे, कारण 1 MPa म्हणजे बरोबर 1 N/mm². बदललेली किंमत मूळ किमतीच्या पुढे लिहा, मूळ खोडू नका.

```
d  = 25 mm
L  = 2.0 m     = 2000 mm
P  = 50 kN     = 50000 N
ΔT = 40 °C
E  = 200 GPa   = 200000 N/mm²
α  = 12 × 10⁻⁶ /°C
```

तापमानातला फरक सेल्सियसमध्ये घ्या किंवा केल्विनमध्ये, आकडा तोच राहतो. 273 मिळवायचं नाही, कारण ही वाढ आहे.

आकृतीवर मापं असतील आणि एकक छापलेलं नसेल तर खाली "सर्व मापं mm मध्ये" अशी बारीक टीप असते का ते बघा. मेकॅनिकलच्या आकृत्यांत तशी पद्धतच आहे, आणि फोटोत हीच ओळ सर्वात आधी कापली जाते.

एखादी शंका शेवटपर्यंत सुटलीच नाही तर? समजा ओढीचा पहिला आकडा खरंच ठरत नाही. मग P ची किंमत घालू नका, सगळं गणित P ठेवून सोडवा आणि शेवटच्या ओळीत दोन्ही किमतींची दोन उत्तरं लिहा. सकाळी पुस्तक बघून एक खोडा. परीक्षेच्या पेपरवर "आवश्यक तिथे योग्य माहिती गृहीत धरा" अशी सूचना असते, तिचा आधार इथे घेऊ नका. ती न दिलेल्या माहितीसाठी आहे. फोटोत न वाचलेली माहिती मुळात दिलेलीच असते.

सूत्रात आकडे घालण्याआधी यादी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि ऐकणाऱ्याने त्या वेळी फोटो बघायचा, तुमची वही नाही. वहीकडे बघत वाचलं की लिहिलेलंच पुन्हा वाचलं जातं. "पंचवीस मिलिमीटर व्यास, दोन मीटर लांबी, पन्नास किलोन्यूटन ओढ, तापमान चाळीसने वाढलं" असं एककांसकट, पूर्ण शब्दांत म्हणायचं.

एवढं झालं की गणित चार ओळींचं उरतं:

```
A  = π × 25² / 4                        = 490.9 mm²
ओढीने वाढ   = 50000 × 2000 / (490.9 × 200000) = 1.02 mm
उष्णतेने वाढ = 12 × 10⁻⁶ × 40 × 2000          = 0.96 mm
एकूण वाढ                                = 1.98 mm
```